निळा पडलेला ब्लँक सरांना आठवू द्या

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बी.एस्सी. झाल्यावर तिने एका संशोधन संस्थेत आठ आठवडे इंटर्नशिप केली. आता अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज करतेय, पहिली मुदत १ डिसेंबर आहे. इंटर्नशिपच्या सरांचं शिफारसपत्र हवंय. त्यांना ती आठवेल की नाही, शंका आहे. शिवाय तिथे घोटाळा झाला होता. मातीतल्या फॉस्फेटच्या चाचणीत ब्लँकच, म्हणजे नमुना न घातलेली तुलनेची नळीच, निळा येत होता, साबणाने धुतलेल्या नळ्यांमुळे. सहा दिवसांचं काम वाया गेलं, तिने ते पुन्हा केलं. सरांना हे आठवू नये म्हणून टक्केवारी आणि बक्षिसं घालून पत्राचा मसुदा मीच केलाय. सरांना मीच फोन करू का? की संचालकांचीच सही घ्यावी?
— एक पालक

उत्तर : फोन करू नका. मसुदाही बाजूला ठेवा. तुमची धडपड मुलीसाठी आहे हे कळतं, पण पीएच.डी. म्हणजे पाच-सहा वर्षं स्वतःच्या जबाबदारीवर काम करणं. तिच्यासाठी वडील फोन करताहेत म्हटल्यावर सरांच्या मनात पहिली शंका तिथेच येईल. विनंती तिनेच करायची, आणि तीही ‘माझ्याबद्दल खात्रीने लिहू शकाल का?’ अशी, म्हणजे सरांना नाही म्हणायला जागा राहते. तोंडदेखलं पत्र येण्यापेक्षा नकार परवडतो.

संचालकांनी तिला काम करताना पाहिलेलं नाही. पत्र लिहिणाऱ्याला तिथे विचारतात, विद्यार्थ्याला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता? त्यावर संचालक काय लिहिणार? आणि टक्केवारी तर गुणपत्रिकेत दिसतेच.

आता तुम्ही जो घोटाळा म्हणता त्याबद्दल. मला तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं तेच वाटलं. या चाचणीत जितकं फॉस्फेट तितका निळा रंग गडद. काही साबणांत फॉस्फेट असतं, ते काचेला चिकटून राहतं, म्हणून काचसामान सौम्य आम्लाने धुवावं लागतं. नवख्या मुलांचं इथे हमखास चुकतं. पुष्कळ जण ब्लँकचा आकडा वजा करून पुढे जातात. पण प्रत्येक नळीत साबण सारखा राहत नाही, त्यामुळे वजाबाकीही फसवी ठरते. तुमची मुलगी थांबली, कारण शोधलं, सहा दिवसांचे आकडे बाद केले. प्रवेश समितीला नेमकं हेच कळून घ्यायचं असतं, आणि ते गुणपत्रिकेत कुठेच नसतं. दरवर्षी इंटर्न येतात-जातात, त्यामुळे सव्वा वर्षाने सरांना नाव आठवेल, चेहरा कदाचित आठवेल, हा प्रसंग निसटलेला असेल. तोच तिने मेलमध्ये लिहायचा, साधारण असा :

‘सर, मी गेल्या वर्षी मे-जूनमध्ये आपल्याकडे फॉस्फेट विरघळवणाऱ्या जिवाणूंवर काम केलं. तिसऱ्या आठवड्यात माझे ब्लँक निळे आले, तेव्हा आपण काचसामान तपासायला सांगितलं होतं. नळ्या आम्लाने धुऊन मी सगळे नमुने पुन्हा केले. शेवटच्या सादरीकरणाची फाइल सोबत जोडते.’

आठवडा, काम, कोणी काय सांगितलं, हे तिने स्वतः आठवून खरं तेच लिहावं. सरांनी सुचवलेली गोष्ट स्वतःच्या नावावर घेऊ नये. ‘मी मेहनती आहे’ वगैरे विशेषणं नकोत, ती सरांनी ठरवायची. रोज शेजारी उभं राहून शिकवणारी कोणी पीएच.डी.ची ताई असेल, तर आधी तिला कळवावं. सर बहुधा तिलाच विचारतील.

सर कदाचित म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ आपल्याकडे हे सर्रास चालतं, तरी टाळावं. पत्र सरांनीच लिहिलंय असं समजून समिती ते वाचते. त्यांना पानभर मुद्दे द्यावेत आणि वाक्यं त्यांची राहू द्यावीत. अर्जात ‘हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?’ असंही विचारतात. तिथे हो म्हणावं. उमेदवार वाचणार आहे म्हटल्यावर पत्राचं वजन कमी होतं.

त्याच मेलमध्ये कुठल्या विद्यापीठात, कुठल्या विषयासाठी अर्ज आहे आणि प्रत्येकाची तारीख काय, हे एका तक्त्यात द्यावं. पत्र चढवायची लिंक विद्यापीठाकडून थेट सरांना जाते आणि ती बरेचदा स्पॅममध्ये पडते, म्हणून सरांचा संस्थेचा ईमेल पत्ताच अर्जात भरावा आणि लिंक गेली की त्यांना कळवावं. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीची असेल, तर आपल्याकडे २ डिसेंबरचे सकाळचे साडेदहा होतात. सरांना मात्र १ तारीखच सांगावी. विनंती महिनाभर आधी जावी, आठवण एक आठवडा आधी, एकदाच. ती आठवणही तिनेच पाठवायची.