सह्यांच्या आधी माईकवरून काय सांगायचं

प्रश्न: आमच्या भागातली शेतकरी उत्पादक कंपनी आणि एक जिनिंग यांच्यात करार होतोय. कार्यक्रम गावातच आहे आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. दोन्ही बाजूंची ओळख कशी करून देऊ, आणि कराराचा उद्देश लोकांना कसा सांगू?

उत्तर:

आधी कराराचा मसुदा मागून घ्या. निमंत्रणपत्रिकेवरून निवेदन लिहायला बसलात तर 'शेतकऱ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी' याच्या पुढे गाडी जाणार नाही, कारण पत्रिकेत त्याहून जास्त काही नसतंच. मसुद्यात कोण काय देणार, त्याबदल्यात काय घेणार, किती काळासाठी आणि वाद झाला तर कोणाकडे जायचं, एवढं शोधा. या चार उत्तरांतूनच तुमचा उद्देश तयार होतो.

मी यवतमाळ-वर्धा पट्ट्यात असे कार्यक्रम नेहमी करतो. तुमच्यासारखाच एक करार अलीकडे माझ्याकडे आला होता, त्याच्याच आधाराने सांगतो.

त्या करारात जिनिंग कापूस विकत घेणार नव्हती. कंपनी सभासदांचा कापूस गोळा करणार, जिनिंग तो इतरांच्या मालात न मिसळता वेगळा जिनून गाठी बांधून देणार आणि दर गाठीमागे मजुरी घेणार, असा तो करार होता. गाठी आणि सरकी दोन्ही कंपनीच्याच मालकीची राहणार होती. आपल्याकडे याला जॉबवर्क म्हणतात. तुमच्या मसुद्यात नेमकं काय आहे, खरेदी की जॉबवर्क, हे सगळ्यात आधी पाहा, कारण घोळ इथेच होतो. एका गावात निवेदकाने उत्साहात 'आता आपला कापूस जिनिंग घेणार' असं जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक कापसाच्या गाड्या भरून थेट जिनिंगच्या फाटकावर पोचले. खरेदी नाहीच म्हटल्यावर गाड्या परत फिरल्या आणि त्या शेतकऱ्यांना भाड्याचा भुर्दंड बसला. कागदावर सगळं बरोबर होतं, चूक होतं ते माईकवरचं एक वाक्य.

म्हणून उद्देश सांगताना हिशेब लोकांच्या मापात मांडा. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, उरलेल्यात बहुतेक सरकी असते आणि थोडी घट जाते. एक गाठ 170 किलोची. म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गाठ. मी हे सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतले एक काकाजी बोटं मोजत म्हणाले, "म्हंजे माह्या पन्नास क्विंटलच्या धा गाठी झाल्या का नाई?" मी म्हटलं, बरोबर काकाजी, आणि वर सरकीही तुमच्याच कंपनीची. उतारा वाणावर आणि वेचणीवर कमीजास्त होतो, तेही तिथेच सांगून टाका, म्हणजे उद्या कोणी दहाव्या गाठीसाठी भांडणार नाही.

पैशाबद्दल बोलायला निवेदक कचरतात. तुम्ही कचरू नका, मंडपातला प्रत्येक माणूस त्याचसाठी आलेला असतो. जॉबवर्कमध्ये कापूस दिल्या दिवशी सगळे पैसे हातात पडत नाहीत. त्या करारासोबत कंपनीने स्वतःच्या सभासदांसाठी असं ठरवलं होतं की माल दिल्यावर काही उचल मिळेल आणि उरलेली रक्कम गाठी विकल्यावर. गाठींचा भाव चढला तर फायदा कंपनीचा, पडला तर तोटाही कंपनीचाच, म्हणजे पर्यायाने सभासदांचा. जिनिंगला तिची मजुरी दोन्ही वेळी मिळते. हे चारचौघांत सांगितल्याने कार्यक्रमाचा रंग उतरत नाही. उलट एक बाई उभ्या राहिल्या आणि विचारलं, "उचल कवा भेटते, भाऊ? वेचणीवाल्या बाया त् आठवड्याले पैसे मांगते." तो प्रश्न मी कंपनीच्या अध्यक्षांकडे दिला. उत्तर ज्याने पाळायचं त्यानेच द्यावं, निवेदकाने आपल्या तोंडून तारीख देऊ नये. 'हमीभाव' हा शब्दही मसुद्यात नसेल तर चुकूनही उच्चारू नका.

मी वाचलेलं उद्देशाचं निवेदन साधारण असं होतं. त्यात तुमचे तपशील घाला:

"मंडळी, आज जो करार होतोय तो खरेदीचा नाही. आपली कंपनी आपला कापूस गोळा करेल. जिनिंग तो वेगळा जिनून त्याच्या गाठी बांधून देईल आणि त्याची मजुरी घेईल. गाठी आणि सरकी आपल्या कंपनीच्या राहतील आणि कंपनीच त्या विकेल. त्यासाठी कंपनीने कबूल केलं आहे की कापूस कोरडा आणि स्वच्छ असेल. जिनिंगने कबूल केलं आहे की आपला कापूस दुसऱ्याच्या कापसात मिसळणार नाही आणि वजन आपल्या माणसासमोर होईल. करार या एका हंगामापुरता आहे."

एवढं पुरे. लोकांना 'कबूल केलं आहे' ही भाषा लगेच कळते, कारण लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं याच भाषेत होतं.

आता ओळख. प्रत्येक बाजूची ओळख ही समोरच्या बाजूला काय जाणून घ्यायचंय त्यावरून लिहा. शेतकऱ्यांना जिनिंगबद्दल काय हवं असतं? ती गावापासून किती लांब आहे, तिथे वजनकाटा आणि ओलावा मोजायचं यंत्र आहे का, प्रेस तिथेच आहे की गाठी बांधायला रुई दुसरीकडे न्यावी लागते, पाऊस आला तर कापूस कुठे झाकतात. मालकांच्या वडिलांनी धंदा कधी सुरू केला हे एका वाक्यात उरका. उलट जिनिंगच्या लोकांना कंपनीबद्दल हवं असतं की सभासद किती गावांतले आहेत, कापूस कुठे गोळा होणार, प्रत तपासायला कोण बसणार. कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनीची तरतूद आली आणि तिथे शेतकरी सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच असतं. हे एक वाक्य जरूर घ्या. व्यापारी बाजूला त्यावरून कळतं की आपण एका पुढाऱ्याशी नाही, सगळ्या सभासदांशी बांधले जातोय.

दोन्ही ओळखी सारख्याच लांबीच्या ठेवा. एका बाजूची पाच नावं घेतलीत तर दुसऱ्या बाजूचीही पाच घ्या. आधी पाहुण्या संस्थेची, मग यजमानांची. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या एकेका जबाबदार माणसाला दोन्ही ओळखी आणि उद्देशाचं निवेदन फोनवर वाचून दाखवा. फक्त त्याची स्वतःची ओळख वाचून भागत नाही. खरी गडबड दुसऱ्याच्या ओळखीत सापडते. माझ्याकडे कंपनीने लिहून दिलं होतं, 'जिनिंग मोफत वाहतूक देणार'. जिनिंगच्या व्यवस्थापकांनी फोनवरच सांगितलं की हे बोलणं झालं होतं, पण मसुद्यात आलेलं नाही. मग दोघांनी आपसात बोलून ते कलम लिहून घेतलं, आणि तेव्हाच मी ते निवेदनात ठेवलं.

सह्या कोण करणार हेही आधीच विचारा. कंपनीकडून ज्याला संचालक मंडळाने ठराव करून अधिकार दिला तोच सही करतो. तो अध्यक्ष असेलच असं नाही. ठरावाची प्रत फाइलमध्ये आहे ना, एवढं बघून घ्या. आमदार, सरपंच किंवा कृषी अधिकारी आले असतील तर ते कराराचे पक्षकार नाहीत. त्यामुळे 'साहेबांच्या हस्ते करार' म्हणू नका, 'साहेबांच्या उपस्थितीत' म्हणा. पाहुण्यांना उशीर झाला तर दीपप्रज्वलन आणि राष्ट्रसंतांच्या प्रतिमेला हार हे उरकून ओळख आणि उद्देश सुरू करून द्या. ऐकणारे शेतकरी दुपारपर्यंत थांबतात, चार वाजल्यानंतर त्यांचं लक्ष गोठ्याकडे जातं.

टेबलावरच्या तयारीत फारसं काही नसतं, पण ती तपासाच. मुद्रांकावरच्या दोन मूळ प्रती लागतात, दोघांसाठी एकेक. आतल्या पानांवरच्या छोट्या सह्या आदल्या दिवशी कार्यालयातच करून घ्यायला सांगा आणि मंचावर फक्त शेवटचं पान ठेवा. नाहीतर दोन प्रतींची सगळी पानं उलटेपर्यंत मंडप गप्प बसून राहतो आणि तुम्ही शेरोशायरीवर येता. निळ्या शाईचे दोन चालणारे पेन, दोन्ही संस्थांचे शिक्के, शिक्क्याचं पॅड आणि कागदावर ठेवायला काहीतरी वजन असू द्या. उभ्या पंख्यासमोर करारपत्र उडताना मी पाहिलंय.

सह्या करणारे दोघं बसलेले आणि साक्षीदार मागे उभे, अशी मांडणी ठेवा. प्रत्येक जण आधी आपल्या समोरच्या प्रतीवर सही करतो, मग प्रती बदलतात आणि दुसऱ्या प्रतीवर सही होते. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की शिक्के, मग उभं राहून प्रतींची देवाणघेवाण, आणि फोटो तेव्हा. फोटोग्राफरला हा क्रम आधी सांगून ठेवा, नाहीतर तो अर्ध्या सहीत 'साहेब, इकडे पाहा' म्हणतो. सह्या सुरू असताना तुम्ही बोलू नका. फक्त सुरुवातीला कोण सही करतंय त्याचं नाव आणि पद सांगा.

यानंतर बहुतेक निवेदक थेट सत्काराकडे वळतात. त्याआधी दोन मिनिटं घ्या आणि कामाचं जाहीर करा: कापूस कोणत्या तारखेपासून, कोणत्या केंद्रावर घेणार, ओलावा किती चालेल, सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स लागेल का, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा. हे सगळं कंपनीकडून लिहून घ्या आणि तसंच वाचा. प्लॅस्टिकच्या पोत्यात कापूस भरू नका, सुतळी किंवा केस जाऊ देऊ नका, हेही याच वेळी सांगा. सुतळीचा एक तुकडा गाठीत गेला तरी रंगाईत डाग दिसतो आणि सूतगिरणी दर पाडते. आमच्याकडे हा कार्यक्रम सीतादहीच्या थोडा आधी ठेवला होता. वेचणी तोंडावर असल्यामुळे लोक ही सूचना कान देऊन ऐकत होते. तीच माहिती खडूने फळ्यावर लिहून मंडपाच्या दारात ठेवली, आणि जाताना बऱ्याच जणांनी तिचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. तुमच्याकडे फळा नसेल तर शाळेतून मागून आणा. मुख्याध्यापकांना एक दिवस आधी सांगितलं तर नाही म्हणत नाहीत.