ग्राफच्या फोटोवरून वर्तुळाचं समीकरण कसं काढायचं?

प्रश्न: फोटोत वर्तुळावर A(1,7), B(7,7), C(8,0) मार्क केलेत, समीकरण कसं काढू?

उत्तर: A आणि B एकाच उंचीवर आहेत ना, म्हणजे केंद्राचा x दोघांच्या बरोबर मध्ये, 4. आता केंद्र (4,k) धरा, A आणि C पासून अंतर सारखंच असणार, म्हणून 9+(7−k)²=16+k², सोडवलं की k=3 आणि त्रिज्येचा वर्ग 25. झालं, (x−4)²+(y−3)²=25. यात (0,0) टाकून बघा, 16+9=25 येतं, म्हणजे फोटोतलं वर्तुळ आरंभबिंदूतून जायलाच पाहिजे, जात नसेल तर एखादा बिंदू चुकीचा वाचलाय. आणि फोटो तिरका असला की वर्तुळ अंड्यासारखं दिसतं, म्हणून पट्टी लावून मोजू नका, ग्रिडच्या रेषा मोजा, दोन्ही अक्षांचं प्रमाणही बघा.