सिंक्रोमेश, सिंक्रो रिंग आणि गॅरेजातला 'कोन'

"गॅरेजवाला म्हणतो सिंक्रो रिंग गेली, कोन घासलाय, म्हणून थर्ड टाकताना खर्र होतंय. सिंक्रोमेश या शब्दाचा अर्थ काय, याला मराठीत काही आहे का, आणि एका रिंगेमुळे खरखर थांबते कशी?"

आधी शब्द सोडवू. सिंक्रो हा ग्रीकमधनं आलेला तुकडा, 'सिन' म्हणजे सोबत आणि 'क्रोनोस' म्हणजे काळ, आणि मेश म्हणजे एरवी जाळी पण यंत्रात दात एकमेकांत गुंतणं. कॅडिलॅकने 1928 मध्ये ही सोय गाडीत आणली तेव्हापासून हे नाव चालू आहे. शब्दशः मराठी केलं तर 'समकालिक' वगैरे होतं पण मला ते पटत नाही, कारण इथं वेळ जुळवायची नाहीये, फिरण्याचा वेग जुळवायचाय. कुणाला समजवायचंच असेल तर मी समगती म्हणतो, बाकी गॅरेजात जाऊन सिंक्रो रिंगच म्हणा, नाहीतर तो आपल्याकडं बघत राहील.

आता 'कोन'. आपल्या सोलापुरात कोन म्हटलं की अर्ध्या लोकांना सुताचा कोन आठवतो, शाळेतल्या पोरांना काटकोन, आणि मेकॅनिकला निमुळतं टोक, म्हणजे पुस्तकातला शंकू. गंमत म्हणजे सिंक्रो रिंगेत शंकूवाला कोन पण आहे आणि काटकोनाच्या जातीतला कोन पण आहे, आणि दोन्हीची कामं वेगळी आहेत, खरखर थांबते ती या दोघांमुळं.

त्याआधी एक गैरसमज काढायला पाहिजे, जो आपल्या बोलण्यानंच झालाय. आपण 'गिअर टाकला', 'गिअर पडला' म्हणतो म्हणून वाटतं की आत एक दातेरी चाक उचलून दुसऱ्यावर पडतं. तसं काही होत नाही. पुढं जायच्या गिअरांची चाकं जोडीजोडीनं कायमच गुंतलेली असतात, फक्त जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरत असतं. त्याच्या शेजारी शाफ्टला पक्कं बसवलेलं हब, हबवर पुढंमागं सरकणारी स्लीव्ह, आणि मोकळ्या चाकाच्या कडेला बारीक दात, ज्यांना डॉग म्हणतात. आपण दांडा ढकलला की फोर्क ती स्लीव्ह सरकवतो, स्लीव्ह त्या डॉगच्या दातांवर चढते आणि मोकळं चाक शाफ्टला बांधलं जातं. म्हणजे गिअर पडत नाही, बांधला जातो म्हणा.

खर्र आवाज या डॉगच्या दातांचा, मोठ्या चाकांचा नाही. हिशोबच करून बघा. समजा सेकंडचं प्रमाण 2 आहे, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत बाहेर जाणाऱ्या शाफ्टची एक, आणि थर्डचं 1.5, इंजिन 3000 फेऱ्यांवर असताना तुम्ही क्लच दाबला. बाहेर जाणारा शाफ्ट मिनिटाला 1500 फेऱ्या फिरतोय, तो चाकांना जोडलेला आहे म्हणजे गाडी जशी पळेल तसा तो फिरणारच. थर्डचं मोकळं चाक मात्र 3000 भागिले 1.5, म्हणजे 2000 वर फिरतंय. फरक 500 चा. डॉगला 36 दात धरले तर स्लीव्हच्या एका दातासमोरनं सेकंदाला 300 दात जातात, त्यात दात घालायला गेलं तर कसं होणार, खर्रच होणार. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी बसच्या वेगानं पळतो आणि मग दांडा धरतो, तसं आधी वेग जुळवावा लागतो. सिंक्रो नसलेल्या जुन्या ट्रकांचे ड्रायव्हर हे पायानं करायचे, क्लच दाबून न्यूट्रल, सोडून रेस द्यायची, परत दाबून खालचा गिअर, ज्याला डबल क्लच म्हणतात.

सिंक्रोत ते काम रिंग करते. रिंग बहुतेक पितळेसारख्या धातूची, आतनं निमुळती, आणि मोकळ्या चाकाला तसाच निमुळता कोन. स्लीव्ह सरकायला लागली की आधी रिंग त्या कोनावर दाबली जाते आणि घासून ब्रेक लागतो. रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, ते मधलं तेल खरवडून बाजूला सारतात, नाहीतर तेलावरनं रिंग नुसती घसरेल. आपल्या उदाहरणात तिला चाक 2000 वरनं 1500 वर आणायचंय, त्यासोबत क्लचकडनं येणारा इनपुट शाफ्ट आणि क्लच प्लेट 3000 वरनं 2250 वर येते. इंजिन त्यात नाही, कारण क्लच दाबलेला आहे, म्हणून एवढीशी रिंग सेकंदाच्या छोट्या भागात हे करू शकते.

पण नुसता ब्रेक असता तर घाई करणाऱ्याचा गिअर खरखरलाच असता, वेग जुळायच्या आत स्लीव्ह पुढं गेली असती. इथं दुसरा कोन येतो. रिंगेलाही बाहेरून दात आहेत आणि त्यांची टोकं तिरकी कापलेली. घासताना चाक रिंगेला ओढतं त्यामुळं ती हबच्या खाचेत जराशी वळून अडते आणि तिचे दात स्लीव्हच्या दातांच्या बरोब्बर आडवे येतात. स्लीव्ह ढकलली की तिरक्या टोकांमुळं ती रिंगेला परत वळवायला बघते, पण वेगात फरक आहे तोवर घर्षणाची ओढ जास्त ठेवलेली असते, म्हणून रिंग हटत नाही, उलट जेवढं ढकलाल तेवढी कोनावर जास्त दाबली जाते. वेग सारखा झाला की ओढ संपली, रिंग बाजूला वळते आणि स्लीव्ह सुळ्ळकन आत. बसचा वेग जुळेस्तोवर कंडक्टर दारात आडवा उभा आहे असं समजा. दांडा टाकताना मधेच किंचित अडल्यासारखं लागतं ते हेच.

बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ही रिंग नसते, म्हणून गाडी थांबल्या थांबल्या रिव्हर्स टाकला की खर्र होतं. क्लच दाबून आधी फर्स्टमध्ये घाला, तिथली रिंग इनपुट शाफ्ट थांबवते, मग रिव्हर्स गुपचूप बसतो.

आता तुमच्या गाडीचं. खर्र फक्त थर्डलाच आहे की सगळ्यांना, हे आधी बघा. सगळ्याच गिअरांना होत असेल आणि उभ्या गाडीत क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबूनही रिव्हर्स खरखरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, मागनं इंजिन ढकलतंय आणि त्या ओढीपुढं रिंग काय करणार. एकाच गिअरला होत असेल, हळू टाकला की कमी, आणि डबल क्लच केला की अजिबात नाही, तर मात्र रिंगच.

माझ्या जुन्या गाडीला असंच थर्डला व्हायचं, एकानं क्लच प्लेट बदलायला लावली, पैसे गेले, खर्र तशीच. मग अक्कलकोट रोडला दुसऱ्यानं बॉक्स खोलला, थर्डची रिंग कोनावर दाबून धरली आणि रिंग व चाकामधल्या फटीत फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून दाखवला. नव्या रिंगेत ती फट साधारण एक मिलीमीटरच्या आसपास असते, घासत गेली की रिंग आत आत बसते आणि फट कमी होते. माझ्यात सगळ्यात बारीक पातंसुद्धा जात नव्हतं. रिंग हातात देऊन म्हणाला, "बोट फिरवा की आतनं." फिरवलं, आटे कुठंच लागेनात, ताटासारखी गुळगुळीत.