ओटीपी ॲपमध्ये येतच नाही : आधी इनबॉक्स पाहा, मग ऑपरेटर

प्रश्न : आमच्या अँड्रॉइड ॲपमध्ये बऱ्याच वापरकर्त्यांना ओटीपी कधीच येत नाही. आमच्या फोनवर टेस्टिंगमध्ये सगळं नीट चालतं. READ_SMS परवानगी पण घेतली आहे. लोक ‘पुन्हा पाठवा’ दाबत राहतात, काही होत नाही. ऑपरेटर मेसेज अडवतोय का? तपासायला कुठून सुरुवात करू?

उत्तर :

ऑपरेटरला फोन लावण्याआधी, तक्रार करणाऱ्या एखाद्या वापरकर्त्याला एवढंच विचारा : ‘ॲप बंद करून मेसेजच्या इनबॉक्समध्ये पाहा, ओटीपीचा एसएमएस आलाय का? स्पॅमच्या फोल्डरमध्येही पाहा.’ या एका उत्तरावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. एसएमएस इनबॉक्समध्ये असेल तर ऑपरेटरने त्याचं काम केलंय आणि दोष तुमच्या ॲपमध्ये आहे. स्पॅममध्ये असेल तर फोनमधल्या मेसेज ॲपने तो बाजूला टाकलाय. कुठेच नसेल तरच गेटवे, ऑपरेटर आणि तुमचा स्वतःचा सर्व्हर हे तिघं संशयित उरतात. स्क्रीनवर मात्र सगळे दोष सारखेच दिसतात, फिरत राहणारं ते चक्र.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलीच शक्यता जास्त वाटते, कारण ‘आमच्या फोनवर चालतं, लोकांच्या फोनवर नाही’ ही तिची खास खूण आहे.

आधी परवानगीचं. READ_SMS मुळे फोनवर आलेला एसएमएस वाचता येतो, एसएमएस येण्या-न येण्याशी तिचा संबंध नाही. शिवाय प्ले स्टोअरच्या धोरणानुसार ही परवानगी मुख्यतः मेसेजचंच काम करणाऱ्या ॲपना मिळते, नुसता ओटीपी वाचण्यासाठी नाही. ती काढून टाका. त्या जागी गूगल प्ले सर्व्हिसेसमधला एसएमएस रिट्रीव्हर वापरा, त्याला वापरकर्त्याकडून कुठलीच परवानगी लागत नाही. तुमच्या ॲपमध्ये तो आधीच असेल (बऱ्याच ओटीपी लायब्ररी आतून तोच वापरतात), तर गडबड बहुधा तिथेच आहे.

रिट्रीव्हर चालतो असा : ॲप startSmsRetriever() बोलावतं आणि प्ले सर्व्हिसेस पाच मिनिटं कान लावून बसते. त्या वेळात आलेल्या एसएमएसमध्ये तुमच्या ॲपची ११ अक्षरी खूण, म्हणजे हॅश, असेल तरच तो मजकूर ॲपला मिळतो. नसेल तर एसएमएस इनबॉक्समध्ये गुपचूप पडून राहतो आणि पाच मिनिटांनी ॲपला TIMEOUT मिळतो. हा हॅश ॲपचं पॅकेज नाव आणि सही करणारं सर्टिफिकेट या दोघांवरून बनतो. तुमच्या मशीनवरचं डीबग बिल्ड एका किल्लीने सही होतं. प्ले स्टोअरवरून उतरणारं ॲप, प्ले ॲप सायनिंग चालू असेल तर, गूगलकडे ठेवलेल्या वेगळ्या किल्लीने सही होतं. म्हणजे हॅश वेगळा. सर्व्हरवर डीबगचा हॅश राहिला असेल, तर तुमच्या टीममध्ये सगळं चालणार आणि बाहेर कुणाकडेच चालणार नाही.

खरा हॅश काढायला प्ले कन्सोलमधून ॲप सायनिंगचं सर्टिफिकेट उतरवून घ्या. शेजारीच अपलोड किल्लीचं सर्टिफिकेट असतं, ते नको. मग पॅकेज नाव बदलून हे चालवा :

```
cert=$(xxd -p deployment_cert.der | tr -d '\n')
printf '%s' "com.example.app $cert" | sha256sum |
  cut -c1-64 | xxd -r -p | base64 | cut -c1-11
```

आता प्ले स्टोअरवरून ॲप बसवलेला एक फोन घ्या, ओटीपीच्या स्क्रीनवर या आणि दुसऱ्या फोनवरून हाताने एक एसएमएस पाठवा : कुठलाही सहा आकडी कोड आणि शेवटी हा हॅश. ॲपने तो कोड उचलला तर वाचणारा भाग ठीक आहे आणि सर्व्हरच्या मजकुरातला हॅश चुकीचा आहे. हॅश बरोबर असूनही उचलला नाही, तर रिसीव्हरची नोंदणी तपासा. अँड्रॉइड १४ हे लक्ष्य ठेवलं असेल तर तिथे RECEIVER_EXPORTED द्यावंच लागतं, कारण निरोप प्ले सर्व्हिसेसकडून, म्हणजे ॲपच्या बाहेरून येतो. RECEIVER_NOT_EXPORTED दिलं की तो कधीच पोहोचत नाही. आणखी एक जागा पाहा. रिट्रीव्हर एका हाकेला एकच मेसेज देतो, त्यामुळे ‘पुन्हा पाठवा’च्या बटणामागे startSmsRetriever() पुन्हा बोलावलेलं असलं पाहिजे, आणि तेही सर्व्हरला विनंती जाण्याआधी.

ऑपरेटरची गाळणी कुठे येते ते एका ॲपच्या उदाहरणावरून सांगतो, कारण तिथे एका दुरुस्तीतून दुसरा दोष उभा राहिला. त्यांच्याकडे हाच हॅशचा घोळ होता. सर्व्हरवर हॅश अजिबात नव्हता आणि एसएमएस असा होता :

‘तुमचा ओटीपी 482913 आहे. तो कोणालाही सांगू नका. 10 मिनिटांत वापरा.’

टीमने शेवटी नवी ओळ आणि ११ अक्षरांचा हॅश जोडला. त्या दिवसापासून ज्यांना निदान इनबॉक्समध्ये ओटीपी दिसत होता, त्यांनाही तो मिळेना. कारणं दोन होती.

पहिलं लांबीचं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधी रोमन अक्षरं असतील तर त्यात १६० बसतात, पण देवनागरीचं एकही अक्षर आलं की सगळा मजकूर दोन-दोन बाइटांच्या पद्धतीने जातो आणि मर्यादा ७० वर येते. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘तुमचा’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो पाच आहे. वरचा मजकूर असा मोजला तर ६५ भरतो, म्हणजे एका एसएमएसमध्ये बसतो. हॅश आणि नवी ओळ मिळून १२ वाढले, झाले ७७, म्हणजे १५४ बाइट. मेसेजचे दोन तुकडे झाले. रिट्रीव्हरची अटही मजकूर १४० बाइटांच्या आत असावा अशीच आहे, त्यामुळे हॅश जोडूनही त्याचा भरवसा उरला नाही. मराठीत ओटीपी पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण असं मोजून. इथे ‘10 मिनिटांत वापरा’ हे वाक्य काढून स्क्रीनवर नेलं आणि हॅशसकट मजकूर ५८ वर आला.

दुसरं कारण खऱ्या गाळणीचं. ज्या देशांत पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो, भारतात डीएलटीवर नोंदवतात तसा, तिथे आलेला मजकूर नोंदलेल्या साच्याशी ताडून पाहिला जातो. न जुळलेला मेसेज तिथेच थांबतो. नव्या मजकुराची शेवटची ओळ जुन्या साच्यात नव्हती. म्हणून हॅश बदललात, वाक्य कमी केलंत, किंवा नुसता पूर्णविराम हलवलात, तरी आधी साचा मंजूर करून घ्या आणि मगच सर्व्हरवर बदल करा.

हे ओळखायचं कसं? गेटवेने ‘स्वीकारला’ असं उत्तर दिलं म्हणजे मेसेज पोहोचला असं होत नाही. त्या उत्तरात एक मेसेज आयडी असतो, तो तुमच्या लॉगमध्ये नंबर आणि वेळेसोबत साठवा आणि त्यावर येणारी डिलिव्हरी पावती वाचा. मेसेज गाळला गेला असेल तर बहुतेक गेटवे तसा कोड देतात. ट्विलिओवर तो 30007 असतो. फोन बंद असेल किंवा नेटवर्कमध्ये नसेल तर वेगळा कोड येतो, त्याचा दोष गाळणीवर ढकलू नका. पावतीवर पूर्ण विसंबूही नका, काही मार्गांवर ‘पोहोचला’ म्हणजे ऑपरेटरच्या केंद्रापर्यंतच पोहोचलेला असतो.

शंका राहिलीच तर त्याच नंबरवर, त्याच मार्गाने आधीपासून मंजूर असलेला दुसरा एखादा मजकूर पाठवून पाहा. तो पोहोचला आणि ओटीपीचा नाही, तर अडचण मजकुरात आहे. दोन्ही अडले तर पाठवणाऱ्याच्या नावात किंवा मार्गात आहे. तक्रारींचे नंबर ऑपरेटरप्रमाणे वेगळे लावूनही पाहा. सगळे एकाच ऑपरेटरचे निघाले, तर मेसेज आयडींसह गेटवेच्या सपोर्टला लिहा. आयडीशिवाय ते काहीच शोधू शकत नाहीत.

आता ‘पुन्हा पाठवा’. तुमच्या प्रश्नातला ‘कधीच’ हा शब्द मला खटकला. साचा न जुळल्याने मेसेज अडला तर तो सगळ्यांचाच अडतो, एकट्या माणसाचा नाही. तोच माणूस दिवसेंदिवस अडकून राहत असेल तर मी आधी प्रयत्नांच्या मर्यादेकडे पाहीन. मर्यादा हवीच, नाहीतर कुणीही तुमच्या सर्व्हरकडून एखाद्याच्या नंबरवर मेसेजचा मारा करवू शकेल. पण ती तीन ठिकाणी असू शकते : तुमच्या सर्व्हरवर, गेटवेवर आणि ऑपरेटरकडे. ट्विलिओच्या व्हेरिफाय सेवेत एका नंबरला दहा मिनिटांत पाच वेळा पाठवता येतं, त्यापुढे 60203 ही चूक येते. तुमचा सर्व्हर ती चूक गिळून ॲपला 200 देत असेल, तर वापरकर्त्याला दिसतं ‘ओटीपी पाठवला’, आणि पाठवलेलं काहीच नसतं.

स्वतःच्या सर्व्हरवरची मर्यादा बहुतेकजण रेडिसमध्ये मोजणी ठेवून करतात, आणि तिथे दोन चुका नेहमी दिसतात. एकीत प्रत्येक दाबण्याला मुदत नव्याने दहा मिनिटं केली जाते, त्यामुळे जो अधीरपणे दाबत राहतो तो बाहेर पडतच नाही. दुसरीत INCR होतं आणि EXPIRE च्या आधी प्रोसेस मरते. मोजणी राहते, तिला मुदतच नसते, आणि आकडा मर्यादेला पोहोचला की तो नंबर कायमचा बंद. अडकलेल्या नंबरची की तपासा :

```
TTL otp:<number>
```

उत्तर -1 आलं तर हाच दोष आहे, कीला संपण्याची मुदतच नाही. ती की पुसा म्हणजे त्या माणसाला लगेच ओटीपी जाईल. रेडिस ७ पासून दोन्ही चुकांवर एकच उपाय चालतो. प्रत्येक INCR नंतर हे चालवा :

```
EXPIRE otp:<number> 600 NX
```

मुदत नसेल तरच ती लागते, असलेली वाढत नाही, आणि एकदा राहून गेली तर पुढच्या प्रयत्नाला लागते.

आणखी एक नक्की करा. ‘पुन्हा पाठवा’ला नवा कोड न बनवता, जुना जिवंत असेपर्यंत तोच पाठवा. एसएमएस उशिरा आणि उलटसुलट क्रमाने येतात. तीनदा दाबणाऱ्याच्या हातात पहिला कोड सगळ्यात शेवटी पडला आणि तो रद्द झालेला निघाला, तर तो हमखास आणखी दाबणार आणि मर्यादेत अडकणार. मर्यादा लागली असेल तर स्क्रीनवर किती मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करता येईल ते लिहा. आणि कोड हाताने टाकायची चौकट पहिल्या क्षणापासून दिसू द्या, म्हणजे रिट्रीव्हर चुकला तरी इनबॉक्समधला कोड पाहून माणूस आत येऊ शकेल.