नंबर खोक्यावरचा नको, वस्तूवरचा लिही

भावा, राजारामपुरीत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकलंस, आता पहिल्या दिवसापासून बिलावर सिरीयल नंबर लिही. तोही खोक्यावरचा नव्हे, वस्तूवरचा वाचून.

मी एकदा गिऱ्हाइकाला दाखवायला दोन ब्लूटूथ स्पीकर उघडले आणि परत भरताना खोकी बदलली. बिलावर खोक्याचा नंबर गेला. चार महिन्यांनी चार्जिंग बंद पडलं. गारगोटीचा माणूस सर्व्हिस सेंटरला गेला, तर नंबर जुळेना म्हणून त्यांनी परत पाठवला. दुसऱ्या स्पीकरची नोंद वहीत सापडली, म्हणून घोळ कळला नि दुरुस्त बिल देता आलं. त्याचं एसटीचं भाडंही मीच दिलं!

तक्रार आली की आधी आपल्या चार्जर-केबलनं लावून बघ. बऱ्याचदा केबलच गेलेली असते. मग वॉरंटीसाठी बिलावरची तारीख बघ, सेंटरला फोन करून तो माल तिथं घेतात का विचार, आणि पत्ता बिलामागं लिहून दे. तू स्वतः नग सेंटरला जमा केलास तर त्यांनी दिलेल्या जॉबशीटचा नंबर वहीत त्याच सिरीयलपुढं लिही. बदलून नग आला तर नवा सिरीयलही तिथंच टिप. वॉरंटी मात्र बहुधा जुन्या तारखेपासूनच मोजतात, हे गिऱ्हाइकाला तेव्हाच सांग.