बारशाचा पाळणा भाड्याने ठरवण्याआधी त्याच्या खालची जागा बघा

मुंबईच्या फ्लॅटमध्ये छताला कडी नसते, म्हणून स्टँडचा पाळणा येतो. घोळ तिथेच होतो. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत दोघीजणी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि बाळ खालून देऊन वरून परत घेतात. स्टँडला आडवा दांडा असला की खालून बाळ जातच नाही. जागा हातभर तरी हवी.

बाळाआधी कुंची घातलेला वरवंटा फिरवतात. तो तेल लावलेला असेल तर पुसून घ्या, हातातून निसटतो. काही घरांत खालून फक्त वरवंटाच जातो आणि बाळ वरून. मान सावरत नसलेल्या बाळासाठी मला हेच बरं वाटतं. मग आत्या कानात नाव सांगते, मुलं ‘कुर्र’ करत तिच्या पाठीत धपाटे घालतात. धपाटे पडतात तेव्हा बाळ तिच्या हातात नको, पाळण्यात हवं.

दिवस बारावा की तेरावा, कुलदैवताचं नाव आधी की नाही, हे दोन्ही घरांच्या आज्यांना आठवडाभर आधीच विचारा. घुगऱ्यांचे हरभरे आदल्या रात्री भिजवा.