गोषवारा लिहिण्याआधी लेखी जबाब वाचा

जिल्हा ग्राहक आयोगातील तक्रारीचा गोषवारा लिहिताना आपण प्रथम विरुद्ध पक्षाचा लेखी जबाब वाचावा, कारण त्यात जे मान्य झाले आहे त्यावर वाद उरत नाही. समजा, वॉरंटीत फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि कंपनीने खरेदी व बिघाड मान्य करून दोष विजेच्या चढउताराला दिला, तर बिलापेक्षा तंत्रज्ञाच्या जॉबशीटमधील नोंद मोलाची ठरते. पुराव्यात तीच आधी घ्यावी. दावा एका वाक्यात मांडावा. मागणीतील परतावा, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारखर्च मात्र वेगवेगळे लिहावेत. तक्रारीची प्रत व नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत, किंवा आयोगाने वाढवून दिलेल्या जास्तीत जास्त 15 दिवसांत, जबाब आला का, हे तारखांसह नोंदवावे.